वर्गणीचा कॅमेरा, पै-पैचा हिशोब

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. आपली बाजू मांडायची तर साधन आपल्या हाती हवे, हा त्यामागचा विचार. आज वस्त्यावस्त्यांतील मुले मोबाईलवर भीमजयंती, दीक्षाभूमी आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींचे चित्रण करून यूट्यूबवर टाकतात. मग एके दिवशी ठरते, आता कॅमेरा घ्यायचा, प्रेक्षकांकडूनच वर्गणी काढायची. विचार चांगलाच आहे. परंतु जयंतीच्या वर्गणीचा हिशोब एकदा राहिला की पुढच्या वर्षी कोणती दारे उघडत नाहीत, हे आपण सारे जाणतो.

म्हणून पैसे मागण्यापूर्वी दुकानातून लेखी दरपत्रक आणावे. उदाहरणादाखल एक हिशोब मांडू. लेन्ससह कॅमेरा ४२,०००, माईक ३,५००, दोन मेमरी कार्डे २,४००, जादा बॅटरी २,६००, तिपाई २,५००, बॅग १,०००. देणगीदारांना द्यायच्या छायाचित्रांच्या प्रतींसाठी १,०००. एकूण ५५,००० रुपये. नुसत्या कॅमेऱ्याची किंमत सांगून पैसे मागितले, तर महिन्याभरात माईकसाठी पुन्हा हात पसरावा लागतो आणि लोकांच्या मनात शंका येते. रक्कम कमी पडल्यास कोणती वस्तू आधी गाळणार, तेही आवाहनातच लिहावे. माईक मात्र गाळू नये. संध्याकाळी विहारात चित्र थोडे अंधुक आले तरी चालते. पण आजीचे बोलणेच ऐकू आले नाही तर चित्रण वाया गेले.

पैसे कोठे घ्यायचे? यूट्यूबवरील सभासदत्वाच्या रकमेतून सुमारे ३० टक्के यूट्यूब कापून घेते. शंभराचे सत्तरच हाती येतात. यूपीआयने पूर्ण शंभर मिळतात. मात्र खाते एखाद्या मुलाचे वैयक्तिक नसावे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका व्यक्तीला वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली, तर ती सारी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाऊन कर लागू शकतो. मंडळाचे खाते, दोघांच्या सह्या आणि प्रत्येकाला पावती, हाच मार्ग बरा.

आता देणगीदारांना द्यायच्या भेटीविषयी. पाचशे रुपये देणाऱ्याला टी-शर्ट, असे जाहीर करायचा मोह होतो. टी-शर्ट छापायला अडीचशे आणि कुरियरला सत्तर धरले, तर कॅमेऱ्यासाठी उरतात अवघे १८० रुपये. त्याऐवजी हातून खरोखर होईल तेवढेच कबूल करावे. शंभर देणाऱ्याचे नाव चित्रफितीच्या शेवटी, तेही त्याला विचारून. कारण कित्येकांना नाव नको असते. पाचशे देणाऱ्या वस्तीतील कुटुंबाचे एका ठरलेल्या रविवारी विहारात छायाचित्र आणि त्याची एक प्रत. कोणाला बोलवायचे, काय दाखवायचे, हे ठरवण्याचा हक्क मात्र कितीही मोठ्या देणगीच्या बदल्यात देऊ नये.

समजा, मुदतीअखेर ५१,३०० रुपये जमले. कॅमेरा ४१,५०० ला मिळाला. माईक, कार्डे व बॅटरी मिळून ८,५०० आणि छायाचित्रांच्या प्रतींना १,००० गेले. खर्च ५१,०००, शिल्लक ३०० रुपये. तिपाई आणि बॅग राहिली. खरेदीनंतर आठवड्याच्या आत हा तक्ता विहाराच्या फलकावर लावावा आणि चित्रफितीतूनही वाचून दाखवावा. “तिपाई घेता आली नाही, सध्या मागून आणली आहे,” हेही त्यात सांगावे. बिलांचे फोटो दाखवावेत. मात्र त्यावरील पत्ते व फोन क्रमांक झाकावेत. किती कुटुंबांना छायाचित्र मिळाले, किती बाकी आहेत, हे प्रत्येक महिन्याला लिहावे. बाकीचा आकडा शून्य होईपर्यंत काम पुरे झालेले नाही.

खरे भांडण मात्र बहुधा नंतर होते, ते कॅमेरा कोणाचा यावरून. ज्याच्या घरी तो राहतो तो हळूहळू त्याचाच होतो. लग्नाच्या ऑर्डरीही निघतात. म्हणून बिल मंडळाच्या नावे घ्यावे, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक नोंदवहीत लिहावा आणि कोणी कधी नेला, कधी आणला याची सही घ्यावी. बाहेरचे काम केले तर त्यातील वाटा मंडळाला किती, हे आधीच ठरवावे. मंडळ मोडले तर कॅमेरा विहाराकडे जाईल, असा ठराव खरेदीपूर्वीच करावा.

धुणीभांडी करून वीस रुपये दिलेल्या आईने वही मागितली, तर तिला आपल्या नावापुढे वीस रुपये आणि त्याखाली खर्चाची बेरीज दिसली पाहिजे. वही पाहून ती तिपाईसाठी आणखी दहा रुपये काढून देईल. जयभीम!