मे महिन्यातला जर्मेनियम

गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ साली सुरू झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात. पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हॉल परिणामाचा संच हे नेहमीचं यंत्र असतं. ते कुठेही सारखंच दिसतं, पण या भागातल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं.

संचाचा जीव म्हणजे एका प्रोबच्या टोकाला बसवलेली जर्मेनियमची पट्टी. ती जेमतेम नखाएवढी आणि अर्धा मिलिमीटर जाड असते. तिला चार तारा जोडलेल्या असतात. दोन तारांतून लांबीच्या दिशेनं काही मिलिअँपिअर करंट सोडायचा आणि दोन समोरासमोरच्या कडांवरच्या तारांमधून व्होल्टेज मोजायचं. पट्टी विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरली की चुंबकक्षेत्र वाहत्या प्रभारांना एका कडेकडे ढकलतं. तिथे प्रभार साचतात आणि आडवं व्होल्टेज तयार होतं. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खावर हे पहिल्यांदा मोजलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून अठरा वर्षं होती.

गंमत अशी की करंटची दिशा तीच असेल, तर इलेक्ट्रॉन आणि होल दोघेही एकाच कडेला ढकलले जातात. त्यामुळे ती कड ऋण झाली की धन, यावरून वाहक कोणते ते कळतं. अर्थात त्यासाठी चुंबकाचा उत्तर ध्रुव कोणता हे होकायंत्रानं आधी तपासलेलं हवं. नाहीतर निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

समजा, डिसेंबरातल्या सकाळी पी-प्रकारच्या पट्टीतून ४ मिलिअँपिअर करंट सोडला आणि क्षेत्र ०.२ टेस्ला, म्हणजे २००० गॉस ठेवलं. क्षेत्र शून्य असतानाही मीटर काहीतरी दाखवतोच, कारण कडांवरचे दोन संपर्क अगदी समोरासमोर कधीच नसतात. करंट उलटवून ही चूक जात नाही. करंटबरोबर तीही उलटते. म्हणून क्षेत्र उलटवायचं आणि दोन वाचनांच्या फरकाचं निम्मं घ्यायचं. असं करून ३२ मिलिव्होल्ट आले. व्होल्टेजला जाडीनं गुणून करंट आणि क्षेत्राच्या गुणाकारानं भागलं की हॉल गुणांक ०.०२ घनमीटर प्रति कूलोम येतो. त्यावरून एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ३.१ × १०¹⁴ होल. म्हणजे जर्मेनियमच्या साधारण चौदा कोटी अणूंमागे एक. याच मापाची तांब्याची पट्टी लावली असती तर व्होल्टेज एका नॅनोव्होल्टच्याही आत राहिलं असतं, कारण तांब्यात वाहकांची गर्दी अफाट असते. प्रयोगशाळेत जर्मेनियम असतो तो म्हणून.

आता तोच प्रयोग मे महिन्यात करा. चंद्रपुरात तेव्हा पारा ४५ अंशांपुढे जाणं नवलाचं नाही, आणि तासभर चालू असलेल्या चुंबकाची वेटोळीही तापलेली असतात. पट्टी ४५ अंशांवर असेल तर वाचन ३२ वरून साधारण २३ मिलिव्होल्टपर्यंत उतरतं. नेहमीच्या सूत्रात ते घातलं की होलांची संख्या चाळीस टक्के वाढल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती चार-पाच टक्केच वाढलेली असते.

कारण सूत्रातच आहे. ते एकाच प्रकारचे वाहक गृहीत धरतं. उष्णतेनं जर्मेनियममधले बंध तुटून इलेक्ट्रॉन आणि होल जोडीनं सुटतात. सुटलेले इलेक्ट्रॉन होलांच्या मानानं थोडे, पण जर्मेनियममध्ये त्यांची चपळता होलांच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. हॉल व्होल्टेजमध्ये या चपळतेचा वर्ग येतो, म्हणून एक इलेक्ट्रॉन चारहून अधिक होलांचा परिणाम खोडून काढतो. पट्टी आणखी तापवत नेली तर व्होल्टेज शून्यावर येतं आणि मग चिन्हच उलटतं. आपल्या पट्टीसाठी ही वेळ सत्तर अंशांच्या आसपास येईल. तिथे पी-प्रकारचा नमुना मीटरवर एन-प्रकारचा दिसतो, जरी त्यात होलच जास्त असतात.

हा बदल ओळखायला एक सोपी खूण आहे. करंट आणि क्षेत्र न हलवता अर्धा तास वाचन पाहत राहा. ते हळूहळू उतरत गेलं तर पट्टी तापते आहे असं समजा. मग क्षेत्र दोन्ही दिशांनी लावून वाचन घ्या, म्हणजे उतार संपर्कांच्या चुकीमुळे नाही हेही कळेल.

विद्यार्थी करंट, क्षेत्र आणि व्होल्टेज नोंदवतात, तापमानाचा रकाना मात्र बहुतेक वह्यांत नसतो. उन्हाळी परीक्षेत डिसेंबरातल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून वाचन खोडू नका. प्रोबशेजारी थर्मामीटर ठेवा आणि चौथा रकाना आखा.