एकच प्रत्यय, तीन उच्चार

मनगटावरच्या घड्याळाला इंग्रजीत ‘वॉच’ म्हणतात. घड्याळे अनेक असली की इंग्रज माणूस ‘वॉचिज़’ म्हणतो, म्हणजे मध्ये एक स्वर वाढतो. तोच ‘वॉच’ ‘पाहणे’ या अर्थाने भूतकाळात गेला की मात्र ‘वॉच्ट’ होतो; तिथे स्वर येत नाही. ‘कोट’ या शब्दाचे वागणे नेमके उलटे आहे. अंगातले कोट अनेक असले तर ‘कोट्स’, आणि गोळीवर साखरेचा थर चढवला गेला असेल तर ‘कोटिड’. लिहिताना ‘वॉच्ट’ आणि ‘कोटिड’ या दोन्हींच्या शेवटी ‘ई-डी’ हीच अक्षरे असतात. उच्चारात स्वर कुठे येतो आणि कुठे नाही, हे स्पेलिंग पाहून कळत नाही. त्यासाठी मूळ शब्दाचा शेवटचा ध्वनी ऐकावा लागतो.

अनेकवचनाच्या प्रत्ययाचे तीन उच्चार आहेत. ‘कॅट’, ‘बुक’, ‘कप’ अशा अघोष ध्वनीने संपणाऱ्या शब्दांना ‘स’ लागतो. ‘डॉग’, ‘पेन’, ‘बॉल’, ‘की’ अशा घोष ध्वनीने किंवा स्वराने संपणाऱ्यांना ‘ज़’ लागतो. ‘जमीन’ म्हणताना मराठी माणूस जो ज उच्चारतो, त्याच्या जवळचा, पण सुरुवातीचा स्पर्श गाळून नुसता घासत निघणारा असा हा ध्वनी. शब्दाच्या शेवटी स, ज़, श, च, ‘जज’मधला ज किंवा ‘गराज’च्या इंग्रजी उच्चारातला शेवटचा घर्षक ध्वनी यांपैकी काही असेल, तर ‘इज़’ लागतो: बसिज़, डिशिज़, जजिज़. भूतकाळाची मांडणीही अशीच आहे. अघोषानंतर ‘ट’ (‘वॉक्ट’, ‘लाफ्ट’), घोषानंतर ‘ड’ (‘रब्ड’, ‘प्लेड’), आणि शब्द ट किंवा ड यांनीच संपत असेल तर ‘इड’ (‘वेटिड’, ‘नीडिड’). एकाच प्रत्ययाच्या अशा रूपांना भाषाविज्ञानात रूपिकांतरे म्हणतात.

आता ‘वॉच’ आणि ‘कोट’ यांचा उलगडा होतो. ‘वॉच’चा शेवट सीत्कारासारखा आहे. त्याला लगेच दुसरा सीत्कार जोडला तर प्रत्यय कानाला वेगळा लागणार नाही, म्हणून मध्ये स्वर येतो. भूतकाळाचा ‘ट’ त्या सीत्कारापासून वेगळा ऐकू येतो, म्हणून तिथे स्वराची गरज पडत नाही. ‘कोट’ ट-ने संपतो, त्यामुळे त्याला स्वर लागतो तो भूतकाळात. स्वर येतो तो प्रत्यय आणि शब्दाचा शेवट यांच्यातल्या सारखेपणामुळे.

या तिघांपैकी मूळ रूप कोणते, हा प्रश्न अधिक रंगतदार आहे. ‘पेन’चे अनेकवचन ‘पेन्ज़’. पण इंग्रजी जिभेला न-नंतर ‘स’ जमत नाही असे मुळीच नाही; ‘पेनी’चे एक अनेकवचन ‘पेन्स’ आहे आणि ते ‘स’नेच संपते. स्वरानंतरही तेच: बर्फ म्हणजे ‘आइस’, डोळे म्हणजे ‘आइज़’. जिथे जीभ दोन्ही ध्वनी बोलू शकते, तिथेही अनेकवचन ‘ज़’च निवडते. म्हणून बहुतेक अभ्यासक ‘ज़’ला मूळ मानतात आणि ‘स’ला अघोषाच्या शेजारामुळे झालेला बदल. याच न्यायाने भूतकाळाचे मूळ ‘ड’.

मूळ ‘ज़’ धरले तर दोन नियम पुरतात. पहिला नियम सारख्या ध्वनींमध्ये स्वर घालतो, दुसरा अघोषानंतरच्या ‘ज़’ला ‘स’ करतो. यांचा क्रम मात्र चुकता कामा नये. ‘बस’ला ‘ज़’ जोडा आणि दुसरा नियम आधी लावा: शेजारी अघोष स आहे, म्हणून प्रत्यय ‘स’ होईल, मग स्वर शिरेल आणि ‘बसिस’ असे कोणीही न बोलणारे रूप हाती येईल. स्वर आधी घातला तर ‘ज़’च्या शेजारी घोष स्वर येतो, दुसऱ्या नियमाला काम उरत नाही आणि ‘बसिज़’ बरोबर निघते.

घोष आणि अघोष हे शब्द मराठी वाचकाला संस्कृत व्याकरणातून ओळखीचे आहेत. वाक् आणि ईश जोडले की वागीश होते. पुढच्या घोष स्वरामुळे मागचा क् बदलतो. इंग्रजीच्या या दोन प्रत्ययांत दिशा उलटी आहे. शब्द आपल्या जागी ठाम राहतो आणि मागून येणारा प्रत्यय त्याच्याशी जुळवून घेतो.

हे नियम बोलणाऱ्याच्या मनात खरोखर असतात, की तो प्रत्येक रूप पाठ करतो? जीन बर्को यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासले. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि त्याचे नाव ‘वग’ सांगितले. मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडले. हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते, तरी 91 टक्के मुलांनी ‘वग्ज़’ असे बरोबर म्हटले. ‘ग्लास’चे अनेकवचनही जवळजवळ सर्वांना आले. पण ‘टॅस’ या बनावट शब्दाचे ‘टॅसिज़’ करणारी मुले 36 टक्केच निघाली. बाकीच्यांपैकी अनेकांनी शब्द तसाच ठेवला. ‘स’ने संपणारा शब्द मुलांना आधीच अनेकवचनी वाटत असावा. म्हणजे ‘ग्लासिज़’ त्यांना पाठ होते, पण स्वर घालण्याचा नियम अजून पक्का झाला नव्हता. ‘ज़’चा झाला होता.

मोठ्यांसाठी अशीच एक कसोटी संगीतकार बाख यांच्या नावावर उभी आहे. मॉरिस हॅले यांनी ती प्रसिद्ध केली. कल्पना लीझ मेन यांची. जर्मन उच्चारात या नावाच्या शेवटी घशाकडून घासत येणारा अघोष ध्वनी असतो, जो बहुतेकांच्या इंग्रजीत नाही. तो उच्चारू शकणारा इंग्रजीभाषक त्याचे अनेकवचन ‘स’ लावून करतो. डोक्यात अक्षरांची यादी असती तर हा ध्वनी तिच्यात सापडलाच नसता. बोलणारा यादी पाहत नाही, घोष आहे की अघोष एवढेच पाहतो.

महाराष्ट्रात इंग्रजी बरेचदा डोळ्यांनी शिकली जाते, म्हणून ‘आस्केड’, ‘वॉकेड’ ऐकू येतात आणि ‘डॉग्स’, ‘बॅग्स’मध्ये ‘स’ सर्रास येतो. कंठावर बोट ठेवून शब्दाचा शेवट थरथरतो का पाहिले की प्रत्यय ठरवता येतो. ‘लाफ’च्या स्पेलिंगात शेवटी ‘जी-एच’ असले तरी बोट फ-ची शांतता सांगते. प्रत्यय ओळखताना मात्र ही युक्ती अपुरी पडते, कारण वाक्याच्या शेवटी इंग्रजांचा ‘ज़’ स्वतःच पुष्कळसा अघोष होतो. तिथे स्वराकडे कान द्यावा: ‘आइस’मधला स्वर आखूड, ‘आइज़’मधला लांब.

नियमाला फाटेही फुटतात. ‘वाइफ’चे अनेकवचन ‘वाइव्ज़’, पण ‘बायकोचा’ या अर्थी ‘वाइफ्स’. इथे अनेकवचनात मूळ शब्दच बदलतो. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांमधला फ घोष होत असे, त्याचा हा अवशेष. ‘बर्न’चे ‘बर्न्ट’ न-नंतरही ‘ट’ घेते.

स्पेलिंगातला ‘ई’ हाही जुन्या उच्चाराचा ठसा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत हे प्रत्यय सर्वत्र स्वरासह बोलले जात. पुढे स्वर गळत गेला आणि जिथे तो गाळणे अशक्य होते तिथेच टिकला. 1712 साली जोनाथन स्विफ्ट भूतकाळातल्या या गळतीवर उघड चिडले होते, इतकी ती तेव्हा चर्चेत होती. काही विशेषणांनी जुना स्वर आजही सोडलेला नाही: ‘नेकिड’, ‘विकिड’, ‘रगिड’. ‘एज’पासून झालेल्या विशेषणात तर दोन्ही रूपे शेजारीशेजारी नांदतात. वृद्ध माणूस ‘एजिड’ असतो, मुरवलेले चीज ‘एज्ड’.