लाल पाटीवरचे तीन आकडे

मॉस्कोच्या रस्त्यांवर साध्या गाड्यांच्या नंबरप्लेट पांढऱ्या असतात. त्यांच्यात एखादी लाल प्लेट, तीवर पांढरी अक्षरे दिसली की ती परदेशी वकिलातीची गाडी. पण कोणाची? ते पहिले तीन आकडे सांगतात. 001 म्हणजे ब्रिटन, 002 जर्मनी, 004 अमेरिका, 005 जपान, 007 फ्रान्स. हा क्रम वर्णानुक्रमाने लावलेला नाही, त्यामुळे ज्याला यादी ठाऊक आहे त्यालाच तो उलगडतो.

समजा, प्लेटवर 004 CD 1 आणि उजव्या कोपऱ्यात 77 आहे. 004 वरून देश कळला. CD ही अक्षरे वकिलातीच्या प्रमुखाच्या गाडीची, म्हणजे ही अमेरिकी राजदूताची गाडी. 77 हा मॉस्कोचा प्रादेशिक क्रमांक. तिथे 78 असता, तर गाडी सेंट पीटर्सबर्गमध्ये नोंदलेली ठरली असती. CD च्या जागी नुसता D असेल तर गाडी राजनैतिक अधिकाऱ्याची आणि T असेल तर कार्यालयीन किंवा तांत्रिक कर्मचाऱ्याची.

हा D आणि T मधला फरक नुसत्या मानापानाचा नाही. 1961च्या व्हिएन्ना करारानुसार दोघांनाही यजमान देशात फौजदारी खटल्यापासून संरक्षण असते. दिवाणी दाव्यात मात्र कर्मचाऱ्याला ते फक्त कामाच्या ओघात घडलेल्या गोष्टींपुरते मिळते. अर्थात हे संरक्षण माणसाला असते, पत्र्याच्या तुकड्याला नाही. प्लेट पाहून पोलीस फक्त अंदाज बांधतो. गाडीत नेमके कोण बसले आहे, हे ओळखपत्रावरूनच ठरते.

सोव्हिएत काळात या खुणांचा उपयोग पाळतीसाठीही होई. त्या वेळी अमेरिकी वार्ताहरांच्या गाड्यांवर K आणि 04 असे. परदेशी माणसाला मॉस्कोबाहेर ठरावीक अंतरापलीकडे परवानगीशिवाय जाता येत नसे. नाक्यावरच्या शिपायाला गाडी न थांबवताच तिचा देश आणि तिच्या मालकाचा पेशा कळे.

अमेरिकेनेही तोडीस तोड उत्तर दिले. 1982च्या कायद्याने परदेशी वकिलातींचे व्यवहार परराष्ट्र खात्याच्या एका विभागाकडे आले आणि वॉशिंग्टनमध्ये देशांना दोन अक्षरी खुणा मिळाल्या. सोव्हिएत संघाच्या वाट्याला FC आले. देशाच्या नावाशी या अक्षरांचा काही संबंध नव्हता.

मुंबईतही परदेशी वाणिज्य दूतावासांच्या गाड्या फिकट निळ्या प्लेटवरून ओळखू येतात. त्यांवर CC असते आणि आधीचा आकडा देशाचा असतो. दिल्लीतल्या वकिलातींच्या गाड्यांवर त्याच जागी CD असते. वाणिज्य दूताला 1963च्या वेगळ्या करारानुसार राजदूतापेक्षा बरेच कमी संरक्षण मिळते, म्हणून त्या एका अक्षराच्या फरकाला वजन आहे.

म्हणजे प्लेट पाहुण्या देशाचे नाव सांगते खरी, पण तिचा रंग, आकडे आणि अक्षरे ठरवतो यजमान. त्यामुळे पाहुण्यांपैकी कोणाला, किती दुरून आणि कशासाठी ओळखायचे आहे, हेही तीच सांगून जाते.