फोनवरचे आबा: लहान मुलाला आजोबांचा मृत्यू कसा सांगावा

बंगळुरूतल्या कितीतरी मराठी घरांचे आजी-आजोबा सांगलीला, सोलापूरला किंवा बेळगावला असतात. नातवंडांना ते मे महिन्यात आणि दिवाळीत भेटतात, एरवी रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतात. अशा आजोबांचा मृत्यू चार-पाच वर्षांच्या मुलाला सांगणं जास्त अवघड असतं, कारण मुलाच्या रोजच्या जगात काहीच बदललेलं नसतं. आबा घरात तसेही नव्हते. त्यामुळे ‘आबा गेले’ हे त्याच्या मनात उतरत नाही, आणि जिचे वडील गेले आहेत तिलाच ते त्याला पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. जयनगरमधला फ्लॅट, आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, मुलगा साडेचार वर्षांचा. रात्री अकराला सांगलीहून फोन येतो: हृदयविकाराचा झटका आला, आबा गेले. ‘लेक येईपर्यंत थांबतो’ असं भाऊ म्हणतो. पहाटे गाडी काढायची आणि तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत दहा-अकरा तासांत पोचायचं. मूल झोपलेलं आहे.

निघण्याआधी सांगा

त्याला रात्री उठवायची गरज नाही, पण सकाळी गाडीत बसण्यापूर्वी सांगायलाच हवं. ‘आबांना बरं नाही, भेटायला चाललोय’ असं सांगून नेलं, तर मूल भेटायच्या आनंदात घरात शिरतं आणि समोर जमिनीवर ठेवलेले आबा बघतं. मग खरं काय ते त्याला एखादा आठ वर्षांचा मामेभाऊ सांगतो, आणि आईने आपल्याला वेगळंच सांगितलं होतं हे मुलाच्या लक्षात राहतं.

सांगायचं आईनेच. तिला दोन वाक्यंही धड बोलता येत नसतील तर बाबांनी सांगावं आणि तिने मुलाला जवळ घेऊन बसावं. वाक्यं छोटी हवीत: “आबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते परत सुरू झालं नाही. आबा वारले, म्हणजे मेले. आता ते बोलणार नाहीत, जेवणार नाहीत, त्यांना काही दुखणार नाही. ते परत येणार नाहीत. मला खूप वाईट वाटतंय म्हणून मी रडतेय.” एवढं बोलून थांबायचं.

‘मेले’ हा शब्द आपल्या वडिलांबद्दल वापरताना जीभ अडते. आपल्याकडे तो अनादराचा वाटतो, हे खरं आहे. पण साडेचार वर्षांच्या मुलाला ‘वारले’ कळत नाही, मेलेली मुंगी मात्र त्याने पाहिलेली असते. म्हणून आदराचा शब्द आणि कळणारा शब्द जोडून सांगावेत. ‘झोपले’ म्हटलं तर रात्री झोपायची भीती बसते. ‘आजारी होते’ एवढंच म्हटलं तर पुढच्या सर्दीतापात मूल घाबरतं. ‘देवाघरी गेले’ हे ज्या घरात मनापासून मानलं जातं तिथे जरूर सांगावं, पण शरीर बंद पडल्याचं सांगून झाल्यावर. आधीच सांगितलं तर ‘मग कधी येणार?’ हा प्रश्न ठरलेला.

यावर मूल कदाचित विचारेल, “मग माझी सायकल कोण आणणार?” त्याला दुःख नाही असा याचा अर्थ नव्हे. मोठी बातमी त्याने आपल्या हाताला येईल त्या टोकाने धरलेली असते. “सायकल आम्ही आणू,” एवढं उत्तर पुरतं.

चार प्रश्न, पुन्हापुन्हा

मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1948 मध्ये हंगेरीतल्या मुलांचं मृत्यूविषयीचं म्हणणं प्रसिद्ध केलं. सगळ्यांत लहान मुलांच्या लेखी मृत्यू म्हणजे दुसरीकडे कुठेतरी जगत राहणं होतं. पुढे स्पीस आणि ब्रेंट या अभ्यासकांनी 1984 मध्ये आधीच्या बऱ्याच पाहण्या एकत्र वाचून दाखवलं, की मेलेलं परत येत नाही, शरीराची सगळी कामं थांबतात आणि प्रत्येकाला मरण आहे, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात उमजतात. आपला मुलगा त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहे. म्हणून एकदा नीट सांगितलं की झालं, असं होत नाही.

पहिला प्रश्न रविवारी येतो: “आबांना फोन लाव ना.” फोनमध्ये आबांचा फोटो आणि नंबर दोन्ही असतात, मग ते लागत कसे नाहीत? इथे रेंज नाही, आबा कामात आहेत, अशी पळवाट काढू नये. “आबा मेले ना, म्हणून ते फोन उचलू शकत नाहीत. मलाही लावावासा वाटतो.” त्या वेळेला आजीला फोन लावावा. जुने व्हिडिओ दाखवायला हरकत नाही, पण दर वेळी ‘हा मागच्या दिवाळीतला आहे’ असं सांगून. नाहीतर पडद्यावर हलणारे-बोलणारे आबा त्याला आताचेच वाटतात.

दुसरा प्रश्न शरीराचा असतो. उशिरा अंत्यविधी होणाऱ्या घरात तो हमखास येतो, कारण पार्थिव शीतपेटीत असतं आणि नाकात कापूस घातलेला असतो. “आबांना थंडी वाजत असेल. ते श्वास कसा घेतात?” मोठी माणसं हे ऐकून हुंदका देतात किंवा त्याला बाहेर नेतात. खरं तर उत्तर सोपं आहे: मेल्यावर श्वास लागत नाही, थंडी-ऊन जाणवत नाही. हे एकदा पक्कं झालं, की दहनाबद्दल सांगणंही जमतं. शरीराला काहीच जाणवत नाही हे आधी सांगावं, अग्नीचं त्यानंतर.

तिसरा: “तू पण मरणार?” कधीच नाही, हे खोटं आहे, प्रत्येकालाच मरायचंय, हे अपुरं आहे. त्याला माहीत करून घ्यायचं असतं, की आपल्याला कोण सांभाळणार. “सगळेच कधीतरी मरतात. बहुतेक लोक खूप म्हातारे झाल्यावर. मला खूप वर्षं तुझ्याबरोबर राहायचंय. आणि बाबा, मामा, आजी सगळे तुला सांभाळायला आहेत.”

चौथा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, आणि मला सगळ्यांत काळजी त्याची वाटते. मागच्या रविवारी तो कार्टून सोडून फोनवर यायला तयार नव्हता. या वयात मुलांना वाटतं, की आपल्या वागण्याने जगात गोष्टी घडतात. मूल विनाकारण ‘सॉरी’ म्हणू लागलं किंवा अचानक फार शहाण्यासारखं वागू लागलं, तर हे मनात असू शकतं. त्याने विचारायची वाट न बघता सांगून टाकावं: “तू फोनवर बोलला नाहीस म्हणून आबा मेले नाहीत. त्यांचं हृदय आजारी होतं.”

अंत्यदर्शन, कावळा आणि अस्थी

अंत्यदर्शनाला न्यावं का? आधी काय दिसेल ते सांगावं: आबा डोळे मिटून असतील, हार असतील, सगळे मोठ्याने रडत असतील. मग यायचंय का ते विचारावं. नाही म्हणालं तर आग्रह नको. हो म्हणालं तर त्याच्यासाठी एक माणूस नेमावा, शक्यतो ज्याचं दुःख त्या दिवशी थोडं कमी आहे असा, म्हणजे मामीची बहीण किंवा शेजारची ताई. मुलाला वाटेल तेव्हा त्याला घेऊन बाहेर पडायचं, हे तिचं काम. लेकीला त्या वेळी आपल्या वडिलांपाशी बसू द्यावं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असतात. ‘आबा आले’ असं कुणीतरी म्हणतं, आणि मुलासाठी परत न येणारे आबा पंख लावून परत येतात. पुढे बंगळुरूच्या बाल्कनीत येणारा प्रत्येक कावळा आबा ठरतो. विधी करावा, मुलाला मात्र सांगावं: “आबांची आठवण म्हणून आपण कावळ्याला जेवण देतो. तो कावळाच आहे.” अस्थींचंही तसंच. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणेच्या संगमावर अस्थी सोडल्या, तर ‘आबा नदीत आहेत’ म्हणू नये. ‘शरीराची उरलेली राख आणि हाडं आपण नदीत सोडली’ हे ऐकायला कठोर वाटतं, पण आबा बुडाले अशी भीती तरी उरत नाही.

आईचं रडणं

1982 च्या डिसेंबरात ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेतले दुकानदार मिस्टर हूपर, म्हणजे विल ली हे नट, वारले. त्यांच्या जागी दुसरा नट घेणं किंवा ते दुसरीकडे राहायला गेले असं दाखवणं सोपं होतं. मालिकावाल्यांनी तसं न करता नोव्हेंबर 1983 च्या भागात बिग बर्डला सरळ सांगितलं, की मिस्टर हूपर मेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. सांगताना मोठ्यांचे डोळे भरलेले आहेत, आवाज अडतोय, तरी ते त्याच्या प्रश्नाला उत्तर देतात. मुलापुढे रडावं की नाही, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. रडावं, कशासाठी रडतोय ते सांगावं, आणि त्याला आपल्याला सावरायला लावू नये. “आई, तू रडू नको” म्हणून तो ओढणीने डोळे पुसू लागला, तर त्याला कुशीत घ्यावं, पण म्हणावं, “मला बरं करणं तुझं काम नाही. मी बाबांशी, मामाशी बोलते.”

आणि खरंच बोलावं. श्ट्रोब आणि शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोक करणारा माणूस दोन्हीकडे ये-जा करतो: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या कामांकडे, आणि ही ये-जाच त्याला तगवते. परत आल्यावर सोमवारी मीटिंगमध्ये दोन तास आबा आठवले नाहीत, म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. मुलं हेच फार वेगाने करतात: पाच मिनिटं रडतात, मग मातीत खेळतात. उलटी अडचणही येते. दिवसभर मुलासाठी सावरून धरलं, रात्री ऑफिसचं काम उरकलं, तर शोकाला वेळच मिळत नाही. बाबांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाला घेऊन लालबागेत जावं. आईने घरात एकटीने भावाला फोन करावा, हवं तितकं रडावं. सासरी असल्यामुळे लेकीचं सुतक तीन दिवसांत फिटतं, असं बऱ्याच घरांत मानतात. तिचं दुःख त्या हिशेबाने चालत नाही, हे नवऱ्याने ओळखावं.

तीन भाषांतलं एक वाक्य

बंगळुरूत मुलाला ही बातमी तीन भाषांतून येते. शेजारच्या अज्जी ‘देवर हत्तिर होदरु’ म्हणतात, देवाजवळ गेले. शाळेत मिस ‘पास्ड अवे’ म्हणते. घरात आपण ‘मेले’ म्हणतो. मुलाला या तीन वेगळ्या घटना वाटू शकतात. म्हणून शाळेच्या मिसला आणि सांभाळणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवावं: आम्ही त्याला हृदय बंद पडून मेले असं सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा, आणि तो काय विचारतो ते आम्हाला कळवा.

मदत केव्हा घ्यावी

काही आठवडे अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, आईला न सोडणं हे सहसा ओसरतं. खेळणं-खाणं-झोप यांची घडी महिनोन् महिने बसतच नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये मुलांसाठी वेगळा विभाग आहे. “मलाही मरून आबांकडे जायचंय” यामागे या वयात बहुतेकदा भेटायची ओढ असते. तरी न रागावता ‘म्हणजे काय करायचंय?’ विचारावं, आणि तो तेच बोलत राहिला तर थांबू नये. आईसाठीही हेच. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडलेलं असेल, तर तिने बोलावं. टेलि-मानसची 14416 ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि तिच्यावर मराठीतूनही बोलता येतं.

सात-आठ वर्षांचा झाल्यावर मुलगा हा विषय बहुधा पुन्हा काढेल, आणि तेव्हा त्याला हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, आबांना आधी काही त्रास होत होता का, तेव्हा आपण कुठे होतो, हे सगळं तपशिलात हवं असेल. तेव्हा त्याच्याबरोबर बसून ते सांगावं, आणि आईचा आवाज तेव्हाही अडला तर अडू द्यावा.