अर्धायुष्याने ओळखा कोटी

रासायनिक गतिकीचा धडा आटवायचा, तर अर्धायुष्यापासून सुरुवात करा. समजा, संहती 0.8 वरून 0.4 व्हायला 10 मिनिटे लागली. पुढे 0.2 व्हायलाही 10च लागली, तर अभिक्रिया पहिल्या कोटीची: वेग k[A], अर्धायुष्य 0.693/k. या सूत्रात सुरुवातीची संहती येतच नाही, हीच तिची ओळख. 5 मिनिटेच लागली तर शून्य कोटी: वेग k, अर्धायुष्य [A]₀/2k. 20 लागली तर दुसरी: k[A]² आणि 1/(k[A]₀).

आलेखात काळासमोर [A] सरळ रेषेत आले तर शून्य, ln[A] आले तर पहिली, 1/[A] आले तर दुसरी कोटी. मात्र पहिल्या अर्धायुष्याच्या बऱ्याच आधी निरीक्षणे थांबवली, तर तिन्ही आलेख जवळपास सरळच भासतात. किमान दोन अर्धायुष्ये मोजा.