भिंतीच्या पोटात काय आहे?

कोयनेचा भूकंप झाला तो 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सव्वाचारनंतर. किल्लारीचा झाला 30 सप्टेंबर 1993 रोजी, पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. मुले घरी झोपली होती आणि जी गेली ती घराच्या भिंतीखाली गेली. त्यामुळे महाराष्ट्रात भूकंप म्हटला की पडलेली घरे आठवतात, शाळा आठवत नाहीत. पण त्या घरांच्या आणि आपल्या अनेक जुन्या शाळांच्या भिंती एकाच हाताने, एकाच पद्धतीने बांधलेल्या आहेत. म्हणून एखाद्या शाळेच्या भूकंप-तपासणीचा अहवाल हाती येतो, तेव्हा तो नीट वाचता यायला हवा. त्यात उणिवा दिलेल्या असतात आणि उपाय क्रमाने लावलेले असतात. हा क्रमच अहवालाचा गाभा आहे आणि नेमका तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

उदाहरणासाठी कोयना खोऱ्यातली एक दगडी शाळा घेऊ. ती कुठल्या एका गावची नाही. मापे प्रातिनिधिक आहेत, पण अशी शाळा त्या भागात फिरलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. ओळीने तीन वर्ग, प्रत्येक सात मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. पुढे ओसरी, वर लाकडी कैच्यांवर मंगलोरी कौले. भिंती 45 सेंटिमीटर जाडीच्या, दगड-मातीच्या, बाहेरून सिमेंटने दर्जा भरलेल्या आणि आतून गिलावा केलेल्या. पाहणाऱ्याला भिंत भक्कम वाटते. फूटभराहून जाड भिंत कशाला पडेल, असे गावकरी विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर गिलाव्याच्या आत आहे.

तपासणी करणारा अभियंता आधी ओळंबा आणि टेप काढतो. भिंतीची जाडी जोत्याजवळ, मधोमध आणि वर वळचणीखाली मोजतो. खाली 45 सेंटिमीटर आणि मधे 49 आले, तर भिंतीला पोट सुटले आहे. मग हातोडीच्या दांड्याने गिलावा वाजवत जातो. जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने खूण करतो. शेवटी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन खिडकीखालचा फूटभर गिलावा काढतो आणि एक दगड हळूच सैल करून बाहेर ओढतो. आत जे दिसते त्याने अर्धा अहवाल लिहून होतो: बाहेरच्या बाजूला घडीव तोंडाच्या दगडांचा एक पडदा, आतल्या बाजूला दुसरा, आणि मधल्या फटीत बारीक दगडगोटे आणि माती. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा एकही दगड नाही. म्हणजे भिंत 45 सेंटिमीटरची नाही. त्या दोन पातळ भिंती आहेत, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या आणि मधे भराव टाकलेल्या.

जमीन हलू लागली की हा भराव खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही पडद्यांना बाहेर ढकलतो. आधी पोट सुटते, मग बाहेरचा पडदा ढासळतो, मग आतला, आणि त्यावर टेकलेले छप्पर खाली येते. किल्लारीच्या परिसरात हजारो घरांत हेच घडले. तिथे वर मातीचे जाड माळवदही होते, त्यामुळे माणूस ढिगाऱ्याखाली दबला तो दगड आणि माती दोन्हींच्या वजनाने.

वजनाचा हिशोब सोपा आहे आणि तो एकदा स्वतः करून पाहावा. दगडी बांधकाम घनमीटरला सुमारे 2.3 टन भरते, म्हणजे आपल्या भिंतीचा एक चौरस मीटर जवळपास एक टनाचा. एका वर्गाची दर्शनी भिंत सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच. दार आणि दोन खिडक्या वजा केल्या की साधारण सोळा चौरस मीटर उरते, म्हणजे सोळा टन. भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत कोयना परिसर चौथ्या भूकंपक्षेत्रात येतो आणि शाळा महत्त्वाची इमारत म्हणून तिला दीडपट गुणक लागतो. बांधकामात कुठलाही भूकंपपट्टा नसेल, तर या सूत्राने आडवा जोर वजनाच्या सुमारे तीस टक्के निघतो. सोळा टनांच्या भिंतीवर पाच टन. त्यातला निम्मा जोत्यातून जमिनीत जाईल असे धरू. उरलेले अडीच टन भिंतीच्या दोन्ही टोकांना, आडव्या भिंतींशी जुळणाऱ्या कोपऱ्यांत, सव्वा-सव्वा टनाने ओढतील. आज तो कोपरा कोणी धरला आहे? वाळलेल्या मातीने.

म्हणून अहवालात पहिली उणीव लिहिली जाते ती आरपार दगड नसण्याची. गवंडी याला हेडर म्हणतात. दुसरी, दारे-खिडक्यांच्या वर आणि वळचणीखाली इमारतीला सलग कवेत घेणारा पट्टा नसण्याची. तिसरी, कैच्या भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असण्याची आणि दोन्ही टोकांच्या भिंतींवर दगडी त्रिकोण मोकळे उभे असण्याची. चौथी, दर्शनी भिंतीची लांबी: पाच मीटरपेक्षा लांब दगडी भिंतीला मधे आधार द्यावा असे मार्गदर्शक सांगतात, आणि इथे ती सात मीटर आहे, शिवाय एक खिडकी कोपऱ्याला अगदी खेटून आहे. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरून तिथली माती धुतली गेली आहे, हीही नोंद असते.

गिलाव्यातल्या केसासारख्या भेगा या यादीत वर कुठेच नाहीत, हे शाळा व्यवस्थापन समितीला खटकते. बैठकीत सगळ्यात आधी भेगांचाच विषय निघतो, कारण त्या दिसतात. पण उथळ, ताठ न वाढणाऱ्या भेगेपेक्षा भिंतीत जे मुळात नाहीच ते जास्त घातक असते. भेग कोपऱ्यात उभी असेल, वर रुंद आणि खाली अरुंद होत असेल, तर मात्र ती कोपरा सुटत असल्याची खूण आहे आणि तिची नोंद दुसऱ्या उणिवेखाली व्हायला हवी.

आता उपायांचा क्रम. पहिल्या क्रमांकावर एक जोडी येते: हेडर आणि पट्टा. ही जोडी फोडता येत नाही. नुसता पट्टा बसवला तर तो दोन पडद्यांना धरतो, पण मधल्या मोकळ्या अंतरात भिंत फुगायची थांबत नाही. नुसते हेडर बसवले तर भिंत एकसंध होते आणि एकसंधपणेच बाहेर पडते.

हेडर बसवणे हे हळुवार हाताचे काम आहे. जागा ठरवून गिलावा काढायचा. दगड ठोकून फोडायचा नाही; बारीक सळईने भोवतालची माती काढून तो सैल करायचा. मग माती उकरत दुसऱ्या बाजूपर्यंत जायचे. भोक मधे साधारण साडेसात सेंटिमीटर आणि दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचे, म्हणजे काँक्रीट भरल्यावर त्याचा आकार दोन्ही बाजूंनी अडकून बसतो. आत आठ मिलिमीटरची, दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचे. नव्या भिंतीत हेडर उंचीला साठ सेंटिमीटरवर आणि लांबीला एक मीटर वीस सेंटिमीटरवर असावेत, असा नियम आहे. जुन्या भिंतीतही जवळपास तसेच धरतात. शेजारशेजारची भोके एकाच दिवशी उघडायची नाहीत.

पट्टा म्हणजे गिलावा खरवडून, दर्जांमधली माती उकरून, भिंतीवर लांब खिळ्यांनी ठोकलेली वेल्डेड जाळी आणि तिच्यावर दोन थरांत सिमेंटचा गिलावा. तो आतून आणि बाहेरून, आडव्या भिंतींवरूनही फिरवायचा. याच टप्प्यात कैच्या भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडायच्या, आणि टोकांचे दगडी त्रिकोण उतरवून तिथे पत्रा किंवा लाकूड लावायचे. त्रिकोण उतरवायला कोणाचा विरोध नसतो आणि खर्चही किरकोळ असतो. मला वाटते, पैसे मिळायची वाट न पाहता हे एक काम कुठल्याही शाळेने आधी करून घ्यावे.

दुसऱ्या क्रमांकावर कोपऱ्यांत आणि दारांच्या बाजूंना पायापासून पट्ट्यापर्यंत उभ्या सळया, कोपऱ्याजवळची खिडकी बुजवणे आणि लांब भिंतीला मधोमध आधारखांब. यामुळे भिंत हेलकावली तरी तुटून वेगळी होत नाही. तिसऱ्या क्रमांकावर सगळ्या भिंतींना दोन्ही बाजूंनी जाळीचा चिलखती गिलावा. हा सर्वांत बळकट उपाय आहे, पण तो खाली का ठेवला ते समजून घ्यावे. त्यात आतले सगळे गिलावे निघतात, वर्ग काही महिने बंद राहतात, आणि त्या पैशात पहिल्या क्रमांकाचे काम आणखी शाळांमध्ये होऊ शकते. शिवाय आत हेडर नसतील तर चिलखताच्या मागे भराव बसतच राहतो.

यादीच्या तळाशी, शिफारस नाही असे लिहून, असतो तो उपाय ज्याची मागणी सर्वांत जास्त होते: कौले काढून स्लॅब टाका. साडेबारा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो. आपल्या शाळेवर तो पन्नास टनांच्या आसपास होईल. भिंती आहेत त्याच, माती आहे तीच, आणि डोक्यावर पन्नास टन नवे. गळती थांबेल, पण भूकंपात त्यातले सुमारे पंधरा टन आडवे होऊन त्याच कोपऱ्यांवर येतील.

पाडून नवी बांधणे हा पर्याय वेगळ्या कसोटीवर तपासतात. पाया एका बाजूला खचला असेल, भिंत ओळंब्याबाहेर स्पष्ट कलली असेल किंवा हात लावताच माती भुसभुशीत गळत असेल, तर हेडर धरायला आत काहीच नाही. तिथे मजबुतीकरणावर पैसा घालू नये. आणि मजबूत केलेल्या शाळेलाही मोठ्या भूकंपात भेगा पडतील, कदाचित ती पुन्हा वापरता येणार नाही. हेतू एवढाच की मुले बाहेर निघेपर्यंत ती उभी राहावी. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी, सुट्टीच्या दिवशी झाला. पण काठमांडू खोऱ्यात आधी मजबूत केलेल्या शाळा उभ्या राहिल्या आणि लोकांच्या उपयोगाला आल्या.

काम चालू असताना मुख्याध्यापकांनी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात, कारण गिलावा चढला की त्या कायमच्या झाकल्या जातात. कोपऱ्यात जाळी तोडून दोन बाजूंना वेगवेगळी लावलेली नसावी. ती वळवलेली असावी आणि जोड द्यावाच लागला तर किमान तीस सेंटिमीटर एकावर एक यावा. खिळे दगडांच्या दर्जात घट्ट बसलेले असावेत, नुसत्या गिलाव्यात नव्हे. आणि हेडरची सळई भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसायला हवी. बिल मंजूर करण्याआधी या तिन्हींचे, भिंतीवर खडूने क्रमांक टाकून काढलेले फोटो अहवालाला जोडून ठेवावेत.