पोफळीची गळ आणि पिवळी झावळी

खानदेशात पोफळीच्या बागा नाहीत. जळगावात पावसाळ्यात साधारणतः सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्यास त्याहूनही कमी. आणि पोफळ हे तर बारमाही ओलाव्याचे व सावलीचे झाड. तथापि या दोन्ही शहरांत अशी अनेक घरे आहेत की ज्यांचे मूळ कोकणात आहे आणि ज्यांची वडिलोपार्जित वाडी श्रीवर्धन, मुरूड किंवा दापोलीकडे अद्याप उभी आहे. वाडी राखणारा गडी किंवा चुलत भाऊ आता पत्र धाडीत नाही. तो छायाचित्रे धाडतो. आषाढ उजाडला की जळगावच्या घरी चित्रे येऊ लागतात : झाडाखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला आहे, झावळ्या पिवळ्या पडल्या आहेत, काय करावे ते कळवा. दोनशे कोसांवरून दिलेल्या या उत्तरावर त्या वर्षीचे पीक आणि प्रसंगी झाडही अवलंबून असते. म्हणून अशा चित्रांवरून काय ठरविता येते आणि काय येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

उदाहरणादाखल असे धरू की, श्रीवर्धनजवळच्या एका वाडीतून जुलैच्या मध्यास चार चित्रे आली. पहिल्यात जमिनीवर पडलेल्या सुपाऱ्या, दुसऱ्यात एका सुपारीचे देठाकडील तोंड, तिसऱ्यात एका झाडाचा पिवळट शेंडा, आणि चौथ्यात वाडीचा एक कोपरा, जेथे पाणी साचून राहिले आहे. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला आणि झाडावर चढणारा माणूस वेळेवर न मिळाल्यामुळे मेअखेरची फवारणी राहून गेली, एवढी माहिती सोबत होती.

यांत सर्वांत बोलके चित्र दुसरे होय. सुपारी ज्या टोपीने देठास चिकटलेली असते, त्या टोपीच्या कडेशी काळपट हिरवा, पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसतो. निरोगी सुपारीच्या सालीवर जी चकाकी असते, ती तेथे नाहीशी झालेली असते. हा डाग टोपीकडून खाली पसरत जातो आणि सुपारी पक्व होण्यापूर्वीच गळून पडते. पडलेल्या सुपारीवर एकदोन दिवसांत पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर चढतो. पाऊस सुरू झाल्यापासून पंधरावीस दिवसांत गळ लागावी, डाग टोपीकडून सुरू व्हावा आणि वर पांढरा थर यावा, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तो कोळेरोग होय असे समजण्यास हरकत नाही. हे नाव कानडी असून ‘कोळे’ म्हणजे सडणे. केरळात यालाच महाळी म्हणतात.

या रोगाचे मूळ सामान्यतः बुरशी म्हणून सांगितले जाते आणि बोलण्यात ते चालते; परंतु फायटॉप्थोरा नावाचा हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, आणि त्याच्या साऱ्या वागणुकीचे रहस्य यातच आहे. पावसाचा थेंब रोगट घडावर आपटला की तुषारांबरोबर बीजपेशी वाऱ्याने शेजारच्या झाडावर जातात, ओल्या सालीवर फुटतात, आणि त्यांतून निघालेले बीजाणू पाण्याच्या पातळ पापुद्र्यात पोहत टोपीखालच्या फटीत शिरतात. वीस ते तेवीस अंश उष्णता, हवेत सतत ओल, आणि झडीमागून थोडे ऊन व पुन्हा झड, असे दिवस त्याला विशेष मानवतात. १८४५ पासून आयर्लंडातील बटाट्याचे पीक ज्याने बुडविले, तो याच कुळातला भाऊबंद होता.

केवळ सुपाऱ्यांचा सडा दिसतो एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नये. एक ढेकूणवर्गी किडाही कोवळ्या सुपारीस सोंड टोचून रस शोषतो आणि तीही गळते. पण तिच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखा बारीक काळा ठिपका असतो, सुपारी कापली तर गाभ्यात तांबूस डाग सापडतो, आणि टोपीकडे पाण्याने भिजल्यासारखा पट्टा नसतो. झाडास पेलवणार नाहीत इतकी फळे धरली तर काही आपोआपही गळतात. त्यांवर कसलाच डाग नसतो. म्हणून पडलेल्या सुपारीचे चित्र मागताना टोपीची बाजू वर करून जवळून घेतलेले एक, आणि मधोमध कापलेल्या सुपारीचे दुसरे, अशी दोन चित्रे मागावीत. सुपारी त्याच सकाळी पडलेली असावी. चार दिवस चिखलात पडलेल्या फळावर कोणतीही भटकी बुरशी पांढरा थर आणते, आणि त्या थराला पुरावा मानले तर फसगत होते.

आता तिसरे चित्र, पिवळ्या शेंड्याचे. येथेच घरबसल्या वैद्यकी करणारे बहुधा चुकतात. फळे गळत आहेत आणि पाने पिवळी आहेत, तेव्हा दोहोंचे कारण एकच, असे मन घेते. वस्तुतः कोळेरोग हा फळांचा व घडाच्या दांड्याचा रोग आहे. त्याने झावळ्या पिवळ्या पडत नाहीत. तेव्हा पान पिवळे दिसताच विचारावयाचा प्रश्न हा की, पिवळे पान नेमके कोणते?

सर्वांत खालची एखाददुसरी झावळी पिवळी असेल तर ती वयाने पिकली आहे, एवढाच अर्थ. बाहेरच्या दोनतीन झावळ्यांची पाती टोकांकडून पिवळी होत आत येत असतील तर दोन शक्यता उरतात. मुळाशी पाणी तुंबून मुळे गुदमरली, ही एक. आणि १९१४ साली केरळात प्रथम नोंदलेला पीतपर्ण रोग, ही दुसरी. हा दुसरा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो, तुडतुड्यासारखा एक किडा तो पसरवितो, आणि त्यावर औषध नाही. या दोहोंतील भेद केवळ चित्रावरून सांगता येत नाही. परंतु आपल्या उदाहरणातील चौथ्या चित्रात पाणी साचलेले दिसत आहे. म्हणून आधी चर खणून ते काढून द्यावे आणि पावसाळा संपल्यावर नवीन झावळ्या कोणत्या रंगाच्या निघतात ते पाहावे, हाच सल्ला योग्य होय. नवी पाने हिरवी आली तर दोष पाण्याचा होता. पिवळेपणा पावसाळ्यानंतर उलट वाढला आणि सुपारीचा गाभाही काळपट व मऊ निघू लागला, तर मात्र तज्ज्ञास झाड दाखविले पाहिजे.

तिसरी स्थिती सर्वांत भयंकर आहे. शेंड्याच्या अगदी मधली, अजून न उलगडलेली सुरळीच पिवळी पडली असेल, तर तोच फायटॉप्थोरा झाडाच्या कोंबात उतरला असण्याचा संभव असतो. पोफळीस वाढीचा कोंब एकच असतो. तो कुजला की झाड गेले. छायाचित्र येथे अपुरे पडते, कारण चित्राला वास नसतो आणि चित्रातील सुरळी ओढून पाहता येत नाही. गड्यास वर चढवून मधली सुरळी हलकेच ओढावयास सांगावी. ती सहज उपटून हातात आली आणि बुडाशी कुजका दर्प असला, तर निदान झाले. सुरुवातच असेल तर कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी गाभ्यापर्यंत कापून काढतात आणि जखमेवर दहा टक्के बोर्डो मलम भरतात. म्हणजे दहा लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना.

फळांच्या गळीवरही उपाय बोर्डो मिश्रणाचाच. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भिववण्यासाठी मोरचूद व चुना शिंपडीत असत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे ठेवले. द्राक्षावरील केवडाही फायटॉप्थोराच्याच गणगोतातला आहे. पुढे म्हैसूर संस्थानच्या शेतकी खात्यातील कॅनडाचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी कोळेरोगाचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला आणि पोफळीवर हेच मिश्रण फवारण्याचा मार्ग घालून दिला. तत्पूर्वी मलनाडातील बागवाले प्रत्येक घडावर गवताची टोपी बांधीत. आज काही ठिकाणी त्याच जागी प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. तत्त्व तेच, घड कोरडा राखावयाचा.

फवारणीचे मिश्रण एक टक्क्याचे असते. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवावा, एक किलो ताजा कळीचा चुना विरवून दुसऱ्या पन्नास लिटरांत गाळून घ्यावा, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतावे. भांडी प्लॅस्टिकची, मातीची किंवा लाकडाची असावीत, लोखंडाची नसावीत. चुना जुना असला तर त्याचा जोर गेलेला असतो आणि मोकळे राहिलेले तांबे कोवळी फळे भाजून टाकते. त्याची परीक्षा सोपी आहे. घासून लख्ख केलेले चाकूचे पाते मिश्रणात काही मिनिटे बुडवावे. त्यावर तांबूस पूट चढले तर आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पहिली फवारणी पाऊस लागण्याच्या तोंडावर, दुसरी चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, आणि पाऊस लांबला तर तिसरी.

हे मिश्रण रोगास बाहेर थोपविते, आत शिरलेल्यास मारीत नाही. म्हणून जुलैच्या मध्यास आलेल्या त्या चार चित्रांना उत्तर असे जाईल : ज्या सुपाऱ्यांवर डाग पडला आहे त्या गेल्या असे समजावे. रोगट घड उतरवून आणि खालचा सडा वेचून तो वाडीबाहेर जाळावा, कारण वाळलेल्या घडांतच रोग पुढील वर्षापर्यंत दडून राहतो. उघडीप मिळताच उरलेल्या निरोगी घडांवर फवारा मारावा. साचलेल्या पाण्यास वाट करून द्यावी, आणि ज्या झाडाचा शेंडा पिवळा आहे त्याची मधली सुरळी आजच्या आज ओढून पाहावी.

धुळ्याच्या एखाद्या बंगल्यासमोर हौसेने लावलेली पोफळ याच दिवसांत पिवळी दिसली, तर तिला मात्र हा हिशेब लावू नये. तेथे दोष बहुधा काळ्या जमिनीत तुंबलेल्या पाण्याचा, नाहीतर उन्हाळ्यात पश्चिमेच्या उन्हाने भाजलेल्या खोडाचा असतो. छायाचित्र घेताना पानाशेजारी पांढरा कागद धरावा. कागदच चित्रात पिवळट उमटला, तर पानाच्या पिवळेपणावरही विश्वास ठेवू नये.